बोनस वाढला, गाडी उतरली, तरी हप्ता चढला

गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं की सर्वसाधारण माणूस दोनच आकडे पाहतो : गेल्या वर्षी किती भरले आणि यंदा किती मागतायत. जास्त मागितले तर एजंटाला फोन, कमी मागितले तर लगेच यूपीआय. या दोन आकड्यांच्या मधे तीन हिशेब एकमेकांत मिसळलेले असतात, आणि त्यातला प्रत्येक वेगळ्या रकमेच्या टक्क्यांवर चालतो. घसारा गाडीच्या किमतीवर लागतो, नो क्लेम बोनस हप्त्याच्या फक्त एका भागावर मिळतो आणि झिरो डेपसारख्या ॲड-ऑनचा दर बहुतेक कंपन्या उतरलेल्या किमतीवर लावतात. एक खाली जातो, दुसरा वर जातो आणि तिसरा गुपचूप वाढतो. शेवटची बेरीज पाहून यातलं कोणी काय केलं हे कळत नाही.

हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो नव्या गाडीच्या तिसऱ्या नूतनीकरणाला, म्हणजे गाडीला तीन वर्षं पूर्ण होऊन चौथं लागतं तेव्हा. तेच उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेबासाठी गोल केले आहेत, पण नियम आणि दर खरे आहेत.

समजा, नाशिकमधल्या एका कुटुंबाने ऑक्टोबर २०२२ मध्ये ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक घेतली. तीन वर्षांत एकही क्लेम नाही. ऑक्टोबर २०२४ च्या नूतनीकरणाला सगळं धरून ९,६३० रुपये भरले. ऑक्टोबर २०२५ ची नोटीस आली ती १४,८५४ रुपयांची. दरम्यान गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, ५ लाख ६० हजारांवरून ४ लाख १० हजारांवर आली आहे आणि नो क्लेम बोनस २५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेला आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी हप्ता कमी करणाऱ्या घडल्या, आणि हप्ता मात्र पाच हजारांहून जास्त वाढला.

पहिलं कारण निरुपद्रवी आहे आणि ते आधी बाजूला काढलेलं बरं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवी कार विकताना थर्ड पार्टीचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, ज्याला सगळे ओडी म्हणतात, तो मात्र बहुतेक जण दरवर्षी घेतात. त्यामुळे पहिल्या दोन नूतनीकरणांच्या वेळी थर्ड पार्टीचा पैसा बिलात नसतोच. तो शोरूममध्येच भरून झालेला असतो. तिसऱ्या नूतनीकरणाला तो पहिल्यांदा दिसतो. हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी कारसाठी १ जून २०२२ पासूनच्या दराप्रमाणे तो ३,४१६ रुपये आहे. हा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो आणि त्यावर कुठलाही बोनस मिळत नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४,०३१ रुपये होतात.

हे ४,०३१ रुपये नोटिशीतून वजा केले की उरतात १०,८२३. गेल्या वर्षीचे होते ९,६३०. म्हणजे थर्ड पार्टी सोडूनही ११९३ रुपये वाढलेच आहेत. पुष्कळ लोक इथे थांबतात, कारण एजंट सांगतो, "साहेब, यंदा थर्ड पार्टी आली ना." तो खोटं बोलत नाही, पण त्याचं उत्तर अर्धंच आहे. खरी तपासणी इथून पुढे सुरू होते.

आता आयडीव्ही. पूर्ण नाव इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर कंपनी जी रक्कम देणार, ती ही. तिचा हिशेब कुठून सुरू होतो याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. आपण गाडी ज्या किमतीला घेतली तिच्यावरून नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी त्याच मॉडेलची उत्पादकाने जाहीर केलेली किंमत जी असेल तिच्यावरून तो सुरू होतो. त्या किमतीत कर धरलेले असतात. नोंदणी आणि विम्याचा खर्च नसतो. मग वयानुसार घसारा वजा होतो. २००२ च्या मोटार टॅरिफमधला तक्ता आजही पायाभूत मानतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५, एक ते दोन वर्षं २०, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४० आणि चार ते पाच ५० टक्के. नूतनीकरणाचा दिवस बरोबर वाढदिवसाला येत असल्याने व्यवहारात पुढची ओळ लावली जाते. म्हणजे तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ४० टक्के.

आपल्या उदाहरणात २०२४ मध्ये या मॉडेलची जाहीर किंमत ८ लाख होती. त्यातून ३० टक्के गेले आणि ५ लाख ६० हजार राहिले. तो आकडा चोख होता. २०२५ मध्ये किंमत तीच राहिली असती तर ४० टक्के जाऊन ४ लाख ८० हजार यायला हवे होते. पण मधे एक गोष्ट घडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा एक टक्का सेसही गेला. आठ लाखांची गाडी सुमारे ७ लाख ३२ हजारांची झाली. नवी गाडी घेणाऱ्यांनी पेढे वाटले. जुनी गाडी दारात असलेल्यांची आयडीव्ही मात्र त्याच दिवशी घसरली. ७ लाख ३२ हजारांतून ४० टक्के गेले की ४ लाख ३९ हजार २०० उरतात.

म्हणजे दीड लाखाच्या घसरणीपैकी ८० हजार वयामुळे गेले आणि जवळपास ४१ हजार करकपातीमुळे. या दोन्हींबद्दल भांडण्यात अर्थ नाही. पण नोटिशीवर ४ लाख ३९ हजार नाहीत, ४ लाख १० हजार आहेत. उरलेले २९,२०० कंपनीने स्वतःहून उतरवले आहेत. तक्त्याच्या थोडं वर किंवा खाली आयडीव्ही ठेवण्याची मुभा कंपन्या देतात. ऑनलाइन घेताना तर पट्टी सरकवून ती बदलता येते. नोटीस पाठवताना मात्र पट्टी आपण सरकवलेली नसते.

ही पट्टी खाली सरकल्याने कंपनीला काय मिळतं? बिल लहान दिसतं. २९,२०० रुपयांनी आयडीव्ही कमी केल्यामुळे आपल्या या कुटुंबाचे, पुढे येणाऱ्या दरांनी आणि जीएसटी धरून, सुमारे ७७० रुपये वाचले. त्या बदल्यात गाडी चोरीला गेली तर २९,२०० रुपये कमी मिळणार. आणखी एक बाब क्वचितच कोणी सांगतं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही. टोटल लॉस धरून आयडीव्ही देते आणि विषय संपवते. ४ लाख ३९ हजार २०० च्या आयडीव्हीला ही रेषा ३ लाख २९ हजार ४०० वर आहे, ४ लाख १० हजारांना ३ लाख ७ हजार ५०० वर. सव्वातीन लाखांच्या दुरुस्तीची गाडी एका पॉलिसीत दुरुस्त होऊन घरी येते आणि दुसऱ्या पॉलिसीत भंगारात जाते. गाडी चांगली राखलेल्या माणसाला हा फरक फार जाणवतो.

आता हप्त्याच्या मधल्या भागाकडे येऊ. नोटिशीवर ओळी अशा आहेत : बेसिक ओडी ६,५४२; नो क्लेम बोनस ३५ टक्के, वजा २,२९०; उरले ४,२५२. गेल्या वर्षी बेसिक ओडी ७,१४८ होता, २५ टक्क्यांनी १,७८७ वजा होऊन ५,३६१ उरले होते. वरवर पाहिलं तर सगळं छान आहे. ओडी अकराशे रुपयांनी उतरला, बोनस पाचशे रुपयांनी वाढला. तक्रार कशाची करायची?

इथे एक भागाकार करायचा. बोनस वजा होण्याआधीचा ओडी घ्यायचा आणि त्याला आयडीव्हीने भागायचं. गेल्या वर्षी ७,१४८ भागिले ५,६०,००० म्हणजे १.२८ टक्के. यंदा ६,५४२ भागिले ४,१०,००० म्हणजे १.६० टक्के. गाडी तीच, गाव तेच, चालवणारे तेच, क्लेम शून्य, आणि दर चौथाईने वाढला आहे.

हे कसं होतं ते समजायला थोडं मागे जावं लागेल. टॅरिफच्या काळात ओडीचा दर छापील होता. मुंबई, पुणे आणि इतर सहा महानगरांचा एक विभाग, बाकी देशाचा दुसरा. नाशिक दुसऱ्या विभागात येतं. पाच वर्षांच्या आतल्या, हजार ते दीड हजार सीसीच्या कारला तिथे आयडीव्हीच्या ३.१९१ टक्के हा दर. १ जानेवारी २००७ पासून ओडीचे दर खुले झाले आणि कंपन्या या जुन्या दरावर सूट द्यायला लागल्या. गेल्या वर्षी आपल्या गाडीला ६० टक्के सूट होती, यंदा ५० टक्के आहे. सूट दहा टक्क्यांनी कमी झाली असं ऐकायला किरकोळ वाटतं. पण गिऱ्हाईक भरतं ते शंभरातले उरलेले : आधी ४० भरत होतं, आता ५०. म्हणून वाढ चौथाईची. बहुतेक कागदांवर ही सूट वेगळी छापलेलीच नसते. सूट गेल्यावर उरलेल्या आकड्यालाच तिथे 'बेसिक' म्हणतात. म्हणूनच तो भागाकार लागतो.

आता बोनसचं काय झालं ते बघा. बोनस २५ वरून ३५ झाला म्हणजे आपण आधी शंभरातले ७५ भरायचो, आता ६५. ही घट सुमारे १३ टक्क्यांची. दर मात्र २५ टक्क्यांनी वाढलेला. दोन्ही मिळून ओडीचा भार ८ टक्क्यांनी वाढला आहे. तरीही ओडीची रक्कम उतरलेली दिसते ती केवळ गाडीची किंमत २७ टक्क्यांनी घटली म्हणून. तीन वर्षं सांभाळून गाडी चालवल्याचा मोबदला कंपनीने एका हाताने दिला आणि सूट कापून दुसऱ्या हाताने परत घेतला. त्यात गंमत अशी की बोनसची २,२९० ही रक्कम मोठी दिसते, कारण ती ज्यातून वजा केली तो आकडाच फुगलेला आहे. जुनाच दर राहिला असता तर बोनस १,८३० च्या आसपास दिसला असता आणि भरायची रक्कम ३,४०० झाली असती, ४,२५२ नव्हे.

यात बेकायदा काही नाही. त्या मॉडेलचे क्लेम जास्त आले, सुटे भाग महागले, अशी कारणं कंपनीकडे असू शकतात. पण कारण विचारायचं तर आधी दर बदलला हे माहीत असायला हवं. "हप्ता का वाढला?" या प्रश्नाला थर्ड पार्टीचं उत्तर मिळतं. "ओडीचा दर १.२८ वरून १.६० कसा झाला?" या प्रश्नाला मात्र एजंटाला कंपनीत फोन करावा लागतो, आणि माझ्या अनुभवात तिथे बरेचदा सूट थोडीफार परत येते.

बोनसचे टप्पे ठरलेले आहेत : एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५० वर थांबतो. तो थर्ड पार्टीवर लागत नाही हे वर आलंच. बहुतेक पॉलिसींमध्ये ॲड-ऑनवरही लागत नाही. कागदावर ॲड-ऑनच्या ओळी बोनस वजा झाल्यानंतर, खाली येतात. हे दिसायला साधं आहे, पण सगळा खेळ तिथेच आहे. जिथे बोनस लागतो तो भाग दरवर्षी आकसतो आणि जिथे लागत नाही तो फुगतो.

आपल्या उदाहरणात झिरो डेपचे गेल्या वर्षी २,८०० रुपये होते, आयडीव्हीच्या अर्धा टक्का. यंदा ३,६९० आहेत. रक्कम नऊशेने वाढली एवढंच डोळ्यांना दिसतं, पण आयडीव्ही उतरलेली असल्याने दर अर्ध्या टक्क्यावरून ०.९ टक्क्यावर गेला आहे. जवळजवळ दुप्पट. शिवाय इंजिन प्रोटेक्ट आणि कन्झ्युमेबल्स ही दोन नवी नावं १,२३० रुपयांना येऊन बसली आहेत. ती कोणी मागितली नव्हती. एकूण ॲड-ऑन २,८०० वरून ४,९२० वर. ओडीत जे अकराशे रुपये कमी झाले ते इथे दुपटीने वसूल झाले. जीएसटीसह जे ११९३ रुपये वाढलेले आपल्याला सापडले होते, त्यांचा उगम हा.

झिरो डेपचा दर वयाबरोबर वाढण्यात मात्र तथ्य आहे, आणि ते न सांगणं अन्यायाचं होईल. हे ॲड-ऑन नसेल तर दुरुस्तीच्या क्लेममध्ये कंपनी सुट्या भागांवर घसारा कापते. प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, टायर यांवर निम्मा. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के, तीन ते चारला २५, चार ते पाचला ३५. झिरो डेप घेतलं की ही कपात कंपनीच्या अंगावर जाते. चौथ्या वर्षी तिचं ओझं खरंच वाढतं, पण दुप्पट होत नाही, कारण प्लास्टिकवरचा निम्मा घसारा तर पहिल्यापासून तोच आहे.

आणि हल्लीच्या गाडीत पुढून धडक बसली की फुटतं ते बरंचसं प्लास्टिकच. समजा, गॅरेजचं बिल ५५ हजार : बंपर, हेडलाइट वगैरे प्लास्टिक २० हजार, बॉनेट आणि पत्रा १५ हजार, रंगकाम १२ हजार, मजुरी ८ हजार. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकवर १० हजार कापले जातील, पत्र्यावर ३,७५०. रंगाच्या एकत्र बिलात चौथा हिस्सा रंगाच्या सामानाचा धरून त्याच्या निम्मे, म्हणजे आणखी १,५००. एकूण सव्वापंधरा हजार खिशातून. त्यापुढे ३,६९० रुपये परवडतात. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीचे १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात; ते झिरो डेपनेही सुटत नाहीत. म्हणून झिरो डेप काढून टाका असा सल्ला मी देणार नाही. दर विचारा, एवढंच. इंजिन प्रोटेक्टचं मात्र ठिकाणावर अवलंबून आहे. साचलेल्या पाण्यात गाडी चालू केली आणि इंजिनात पाणी शिरलं तर साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. सायन-कुर्ल्याकडे गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्याने ते घ्यावं. उंचावरच्या सोसायटीत राहणाऱ्याने आधी विचार करावा.

हे दोन दर हातात आले की दुसऱ्या कंपनीचा भाव तपासणंही सोपं होतं. समजा, त्या कुटुंबाने नको असलेली दोन ॲड-ऑन काढायला लावली आणि नोटीस १३,४०२ वर आली. दुसरीकडे चौकशी केली तर भाव मिळाला १२,५७८. सव्वाआठशे रुपयांची बचत; कोणीही मोहात पडेल. पण त्या भावात आयडीव्ही ३ लाख ७० हजार आहे. ओडीचा दर १.५५ टक्के, त्यावर ३५ टक्के बोनस गेला की १.०१ उरतो, झिरो डेप ०.९५. बेरीज १.९६. जुन्या कंपनीचा हाच हिशेब १.०४ अधिक ०.९०, म्हणजे १.९४. स्वस्त वाटणारी पॉलिसी दर हजार रुपयांच्या संरक्षणामागे किंचित महागच आहे. तिथे फक्त गाडी चाळीस हजारांनी लहान केली आहे. तुलना करायचीच असेल तर दोन्हीकडे आयडीव्ही एकच ठेवायला लावायची, मग आकडे आपोआप बोलतात.

कंपनी बदलताना बोनसच्या बाबतीत एक धोका आहे. ऑनलाइन अर्जात 'मागच्या वर्षी क्लेम घेतला का?' हा प्रश्न असतो आणि बोनसचा टप्पा आपणच निवडायचा असतो. कोणी कागद मागत नाही, त्यामुळे क्लेम झालेला असतानाही 'नाही' म्हणण्याचा मोह होतो. कधी एजंटच परस्पर तसं भरतो. नियमाप्रमाणे नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते. ती झाली नाही तरी चूक लपून राहत नाही, कारण क्लेम आला की सगळी कागदपत्रं तपासली जातात. खोट्या बोनसची घोषणा सापडली तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. दोन-अडीच हजारांच्या बोनसपायी चार लाखांचं संरक्षण पणाला लागतं.

उलट बाजूनेही चूक होते. क्लेमची नुसती खबर दिली, मग खर्च कमी निघाला म्हणून तो मागे घेतला, तर पुष्कळदा कंपनीच्या नोंदीत तो क्लेम म्हणून बसून राहतो आणि पुढच्या वर्षी बोनस शून्य छापून येतो. पैसे घेतलेले नसतील तर क्लेम रद्द झाल्याचं पत्र कंपनीकडून त्याच वेळी मागून ठेवावं. नूतनीकरणाच्या आठवड्यात ते मिळवताना दमछाक होते.

क्लेम करावा की नाही, हेही याच हिशेबात बसतं. ३५ टक्क्यांवर असलेल्या आपल्या कुटुंबाने यंदा क्लेम केला नाही तर पुढे ४५, मग ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केला तर ०, २०, २५, ३५, ४५. दोन्ही ओळींतला फरक बेरजेने १२० टक्के भरतो, म्हणजे एका वर्षाच्या बोनसपूर्व ओडीहून थोडा अधिक. तो ओडी सरासरी पाच हजार धरला तर जीएसटीसह सात हजार रुपये. झिरो डेप असलं तरी सक्तीचे हजार रुपये वेगळे. म्हणून आठ हजारांच्या आतला आरशाचा किंवा बंपरचा खर्च खिशातून करणं या गाडीला फायद्याचं आहे. पन्नास हजारांच्या बिलाला बोनस जपत बसणं वेडेपणाचं.

तारखेबद्दलही सावध राहावं. पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर साठलेला सगळा बोनस जातो. मधे एक दिवसही खंड पडला तर बहुतेक कंपन्या गाडी पाहिल्याशिवाय किंवा फोटो घेतल्याशिवाय ओडी देत नाहीत. घासाघीस करायची असेल तर ती मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी.

या नाशिकच्या गाडीला ऑक्टोबर २०२७ मध्ये पाच वर्षं होतील. तोवर बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला असेल, पण घसाऱ्याचा तक्ता तिथे संपतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते, आणि जुन्या टॅरिफचा मूळ दरही ३.१९१ वरून ३.३५१ होतो. बऱ्याच कंपन्या त्याच वेळी झिरो डेप देण्याबद्दल हात आखडता घेतात. कंपनीने परस्पर घातलेला आकडा मान्य करण्याऐवजी त्या वेळी त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच किलोमीटरच्या दोन-तीन जुन्या गाड्यांचे बाजारभाव काढून ठेवावेत आणि आयडीव्ही त्या भावाच्या जवळ मागावी.